अनुभव धागा: काउंटरपलीकडची आपुलकी दुकानाची की माणसाची?

विजापूर रोड (धागाकर्ती)

माझ्या वडिलांना गेली सहा वर्षे मधुमेह आहे आणि त्यांची औषधे आणण्याचे काम घरात माझ्याकडे आहे. सोलापुरातील आमच्या घरापासून चालत सात-आठ मिनिटांवर औषधांचे एक दुकान आहे. गेल्या वर्षी गड्ड्याची यात्रा संपल्यावर तेथे एक नवा फार्मासिस्ट आला. त्याचे वय माझ्याएवढेच, म्हणजे तिशी नुकतीच ओलांडलेले असावे. तेव्हापासून त्या दुकानात मला जी वागणूक मिळते, तिचा अर्थ मला लावता येत नाही, म्हणून हा धागा काढला आहे.

तो काय करतो ते तपशिलाने सांगते. वडिलांच्या इन्सुलिनचा साठा संपत आला की तो स्वतः फोन करून नवे आल्याचे कळवतो. मे महिन्यात त्याने मला इन्सुलिन नुसत्या पिशवीत घालून कधीच दिले नाही. आधी वर्तमानपत्रात गुंडाळायचे, मग बर्फाच्या पाऊचसोबत डब्यात ठेवायचे आणि "बर्फाला थेट चिकटू देऊ नका, गोठले तर ते टाकूनच द्यावे लागेल" असे दर वेळी बजावायचे, हा त्याचा क्रम होता. गोळ्यांच्या पाकिटावर तो सकाळसाठी छोटा सूर्य आणि रात्रीसाठी चंद्रकोर काढतो, कारण वडिलांना बारीक अक्षरे वाचता येत नाहीत, हे मी त्याला एकदाच सांगितले होते. गेल्या तीन महिन्यांपासून त्या पाकिटाच्या कोपऱ्यात एक हसरा चेहराही असतो. वडिलांचे संपूर्ण नाव, त्यांच्या डॉक्टरांचे नाव आणि झोपेच्या गोळीची मात्रा त्याला तोंडपाठ आहे.

माझी धाकटी बहीण म्हणते की यात समजण्यासारखे काही राहिलेलेच नाही. मला मात्र तसे वाटत नाही. मात्र दुकानात जाण्यापूर्वी मी ओढणी बदलते, हे मागच्या महिन्यात माझ्याच लक्षात आले आणि मी मनातल्या मनात ओशाळले. मला त्याच्याविषयी काय वाटते हा पुढचा प्रश्न आहे. आधी हे कळायला हवे की जे मिळते आहे ते सर्वच गिऱ्हाइकांना मिळते की मला. तुमच्यापैकी कोणी काउंटरच्या या किंवा त्या बाजूला असा अनुभव घेतला असेल, तर कृपया सविस्तर लिहावा.

पार्क चौक

माझ्या मते तीन खुणा पुरेशा आहेत. समोरची व्यक्ती तुमच्या घरच्यांची नावे लक्षात ठेवते, न मागता सवलत देते आणि स्वतःहून फोन करते. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तर ते केवळ सौजन्य राहत नाही. मी हे अनुभवाने सांगतो. आमच्या भागातील मोबाइलच्या दुकानात एक मुलगी काम करते. तिने मला दोनशे रुपयांचे कव्हर विनामूल्य दिले आणि नंतर दोनदा फोन करून "सर, फोन व्यवस्थित चालतो आहे ना" असे विचारले. माझ्या आधी उभ्या असलेल्या काकांना तिने कव्हर दिले नाही, हे मी स्वतः पाहिले आहे.

साखर पेठ

मी गेली चौदा वर्षे औषधांच्या दुकानात काम करतो, म्हणून नावांपुरते उत्तर देतो. वडिलांचे आणि डॉक्टरांचे नाव त्याला पाठ आहे, याचा प्रेमाशी संबंध नाही. 1 मार्च 2014 पासून काही औषधांसाठी एच-1 नावाची स्वतंत्र यादी लागू झाली. तिच्यातील औषध देताना रुग्णाचे नाव, डॉक्टरांचे नाव आणि पत्ता, औषध आणि त्याची संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. झोपेच्या बऱ्याच गोळ्या या यादीत येतात. तुमच्या वडिलांची गोळी त्यातली असेल, तर त्या मुलाने ती नावे दर महिन्याला स्वतःच्या हाताने लिहिली आहेत. मीही माझ्या गल्लीतील साठ-सत्तर रुग्णांची नावे डोळे मिटून सांगू शकेन आणि त्यांतील एकाशीही माझे काही नाही.

इन्सुलिनचे म्हणाल, तर न उघडलेले इन्सुलिन दोन ते आठ अंश तापमानात ठेवायचे असते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. ते खराब झाले तर बाहेरून सहसा कळत नाही, पण रुग्णाची साखर चढते आणि बोल दुकानाला लागतो. बर्फ, वर्तमानपत्र आणि ती सूचना हे सर्व त्याचे काम आहे, आणि तो ते उत्तम करतो. सूर्य-चंद्र मीही काढतो. हसरा चेहरा मात्र मी काढत नाही, त्यामुळे त्याविषयी मी काही बोलणार नाही.

पार्क चौक यांना एवढेच विचारतो की त्या काकांनीही नवा फोनच घेतला होता का? फोनसोबत कव्हर देणे आणि पंधरा दिवसांनी फोन करून विचारपूस करणे हे अनेक दुकानांत मालकाने ठरवून दिलेले असते.

पार्क चौक

काकांनी फक्त चार्जर घेतला होता. तरीही फोन दोनदा का केला, हा माझा प्रश्न शिल्लक राहतोच.

नवी पेठ, जुनी काउंटरवाली

मी एकोणीस वर्षे साड्यांच्या दुकानात उभी राहून काम केले आहे आणि आता गुडघ्यांमुळे घरी आहे. हा विषय माझ्या हाडामासाचा असल्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

आमच्या मालकांचा पहिला नियम असा होता की गिऱ्हाईक गादीवर बसल्यानंतर पहिली दहा मिनिटे साडीची किंमत काढायची नाही. पाणी द्यायचे, कोणत्या कार्यासाठी साडी हवी आहे ते विचारायचे आणि बोलता बोलता माणूस कोणत्या भाषेत सैल होतो ते ओळखायचे. आपल्या गावात मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू अशा चार भाषांची गिऱ्हाइके एकाच सकाळी येतात. मी पद्मशाली घरातील बाईला "अक्का, बागुन्नारा" म्हणत असे आणि अक्कलकोटकडून आलेल्या बाईशी कानडीत बोलत असे. दोघींनाही वाटायचे की ही आपल्या घरातली आहे. ते खोटे होते असे मी म्हणणार नाही, कारण मला लोकांशी बोलायला खरोखर आवडते. परंतु ते कामही होते, आणि विक्रीवर जी थोडी टक्केवारी मिळायची ती त्या कामाचीच होती.

दुसरी गोष्ट म्हणजे गिऱ्हाइकांची वही. माझ्याकडे लाल पुठ्ठ्याची एक वही असे. त्यात नाव, आवडीचा रंग, मागच्या वेळी न घेतलेली पण दोनदा हातात धरलेली साडी आणि घरातील पुढचे कार्य यांची नोंद असे. "मुलगी बारावीला, दोन वर्षांत पुण्याला जाणार" असे मी लिहून ठेवलेले असायचे. दोन वर्षांनी ती बाई आली की मी विचारायचे, "पुण्यात मुलगी रमली का?" बाईच्या डोळ्यांत पाणी यायचे. वही मागच्या खणात आहे, हे तिला ठाऊक नसायचे.

म्हणून लक्षात ठेवणे, फोन करणे आणि सवलत देणे या तिन्ही खुणा मी बाद ठरवते. मग खरी खूण कोणती, असे कोणी विचारले तर मी जे पाहिले ते सांगते. विक्रेता खरोखर कोणात गुंतला, तर तो वाईट विक्रेता होतो. आमच्याकडे एक मुलगा होता. त्याची जीभ अशी की कापडाच्या तुकड्यालाही त्याने पदर फुटवला असता. एक मुलगी तिच्या आईबरोबर येऊ लागली आणि याची जीभ जड झाली. तो घड्या चुकीच्या घालू लागला, महागाची साडी दाखवायचे विसरू लागला आणि चौथ्या खेपेस तर त्या दोघी पायऱ्या चढताना दिसताच तो गोदामात निघून गेला. "ताई, तुम्हीच बघा, मला त्यांना काही विकायला नको वाटते," असे तो मला म्हणाला. गोड बोलणे वाढले तर ते बहुधा दुकानाचे असते. जिथे सराईत माणसाचे बोलणे अडते, तिथे मी कान टवकारते.

आता संबोधनाविषयी. आम्ही काउंटरवरच्या बायका "दादा" हा शब्द कुंपणासारखा वापरायचो. एखादा गृहस्थ निरर्थक घुटमळू लागला की त्याला प्रत्येक वाक्यात दादा म्हणायचे आणि तेही शेजारच्या काउंटरला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. शेजारची लगेच समजायची आणि "तुला वरच्या मजल्यावर बोलावले आहे" असे सांगून मला तेथून सोडवायची. वर कोणी बोलावलेले नसायचे. धागाकर्तीने हे पाहावे की तो तिच्या वयाच्या इतर बायकांना काय म्हणतो आणि तिला काय म्हणतो. तसेच एखाद्या दिवशी नेहमीची वेळ सोडून गर्दीच्या वेळी जावे, तीन-चार माणसांच्या मागे उभे राहावे आणि पाच मिनिटे फक्त ऐकावे. आपली पाळी असते तेव्हा आपल्याला आपल्यापुरतेच दिसते.

बाळीवेस

या विषयावर कोणीतरी लिहिणे आवश्यकच होते. गोड बोलणाऱ्या दुकानदारापासून मी आता चार हात दूर राहतो. एका दुकानात मला "या काका, बसा काका" म्हणून गूळपाणी देत आणि शेंगाचटणी बांधून देत. पुण्याला मुलाकडे दोन किलो नेली, तर सुनेने पहिल्याच घासाला ती खवट असल्याचे सांगितले. शेंगदाणे जुने असतील तर तिखटाने वास झाकतो, परंतु जिभेच्या मागे कडवटपणा राहतो. आता मी आधी चिमूटभर चटणी तोंडात टाकतो आणि मगच बसायचे की नाही ते ठरवतो.

नवी पेठ, जुनी काउंटरवाली

काका, तुमचा अनुभव खरा आहे, पण येथे विचारले आहे ते वेगळे. या दुकानदाराचा माल चांगलाच आहे, त्याचे मन कोठे आहे एवढेच कळत नाही.

बाळीवेस

माल चांगला असेल तर मनाची चौकशी कशाला करावी, हे मला समजले नाही. असो.

रेल्वे लाइन्स

मी चुकलेल्या बाजूने लिहितो आहे आणि हे लिहायला मला चार वर्षे लागली.

आमच्या भागातील एका बेकरीत एक मुलगी काउंटरवर असे. मी कार्यालयातून परतताना तेथे रोज थांबू लागलो. मला पाहताच ती मसाला टोस्टचे पाकीट काढून ठेवायची, "आज उशीर झाला" म्हणायची आणि सुट्टे नसतील तर "उद्या द्या" म्हणून हसायची. सात महिने हे चालले. त्या सात महिन्यांत तिने मला कार्यालयाविषयी, आईविषयी आणि माझ्या खोकल्याविषयीही विचारले. मी तिला काय विचारले होते, हे आठवून पाहिले तेव्हा माझ्या ध्यानात आले की तिचे गाव कोणते हेसुद्धा मला माहीत नव्हते. हे तेव्हा ध्यानात यायला हवे होते, ते नंतर आले.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी एक घड्याळ घेऊन गेलो आणि काउंटरवर ठेवून म्हणालो की मला तुमच्याशी दुकानाबाहेर बोलायचे आहे. माझ्या मागे पाच माणसे रांगेत होती. तिच्या एका हातात चिमटा आणि त्यात खारी होती. ती खारी तिने ना पिशवीत टाकली ना परत ठेवली, तशीच धरून ती उभी राहिली. तिचा चेहरा हसराच होता, फक्त ते हसू हलत नव्हते. मग ती म्हणाली, "दादा, तुमचे पंचेचाळीस झाले." सात महिन्यांत तिने मला प्रथमच दादा म्हटले होते.

वरील ताईंचा अनुभव वाचून मला त्या शब्दाचा अर्थ आज नीट कळला. त्यानंतर ती मला काउंटरवर दिसली नाही. मालकाने तिला मागे पाकिटे भरण्याच्या कामावर पाठवले होते आणि दिवाळीच्या आठवड्यात काउंटरवरच्यांना जे वरकड पैसे मिळतात ते तिला मिळाले नाहीत, हे मला तेथील पोऱ्याने सांगितले. माझा हेतू वाईट नव्हता, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिलो. परंतु मी अशा ठिकाणी विचारले होते जिथून मला निघून जाता येत होते आणि तिला येत नव्हते. घड्याळ अजून कपाटात आहे.

सात रस्ता, निवृत्त प्राध्यापक

मी मानसशास्त्र शिकवत असे. रेल्वे लाइन्स यांच्या अनुभवाशी जुळणारा एक अभ्यास अमेरिकेत अँटोनिया ॲबी यांनी 1982 साली प्रसिद्ध केला होता. एक पुरुष आणि एक स्त्री यांनी पाच मिनिटे साध्या गप्पा मारायच्या आणि दुसऱ्या एका जोडीने त्या लपून पाहायच्या, अशी त्याची रचना होती. नंतर सर्वांना मते विचारली, तेव्हा त्याच स्त्रीच्या वागण्यात स्त्रियांना जेवढे आकर्षण दिसले, त्याहून अधिक पुरुषांना दिसले. केवळ लपून पाहणाऱ्या पुरुषांनाही ते दिसले, हे विशेष. त्यामुळे पुरुषांचा अंदाज चुकतो, असे मानून चालायला हरकत नाही.

अशोक चौक

सर, आदरपूर्वक एक शंका आहे. त्या प्रयोगातील स्त्री कोणाला काही विकत नव्हती आणि तिला हसण्याचा पगारही मिळत नव्हता. येथे तर धागाकर्ती स्वतः स्त्री आहे आणि हसणारा पुरुष काउंटरमागे आहे. मग हा निष्कर्ष उलटा लावायचा की लावायचाच नाही?

सात रस्ता, निवृत्त प्राध्यापक

शंका रास्त आहे. तो अभ्यास विद्यार्थ्यांवर झाला होता, दुकानावर नव्हे. पगारी हास्याचा विचार आर्ली हॉक्शील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 साली हवाई सुंदरींच्या निमित्ताने केला. तेथे मुद्दा असा होता की हसणे हा नोकरीचा भाग झाला की आपले कोणते हसू खरे, हे कधीकधी हसणाऱ्यालाही सांगता येत नाही. धागाकर्तीच्या फार्मासिस्टला विचारले, तर कदाचित त्यालाही नेमके उत्तर देता येणार नाही.

जुळे सोलापूर

माझा अनुभव थोडक्यात लिहिते, कारण तो आठवायला मला आवडत नाही. घरी पार्सल आणून देणारा एक मुलगा अतिशय नम्र होता. जिन्यावरून जड खोकी वर आणून देई, पाणी आले की नाही तेही विचारी, कारण आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येते आणि खालच्या टाकीवर तो मोटार लावून देत असे. मला तो भला वाटला आणि आजही तो वाईट होता असे म्हणता येत नाही. मग एका रात्री साडेअकरा वाजता त्याचा "जेवलात का" असा संदेश आला. मी उत्तर दिले नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा आला, तिसऱ्या रात्री फुलाचे चित्र आले. पार्सलसाठी दिलेला क्रमांक पार्सल मिळाल्यानंतर वापरणे, हीच माझ्यासाठी सीमा ठरली. मी एकदाच स्पष्ट लिहिले की या क्रमांकावर कामाशिवाय संदेश पाठवू नयेत. तो थांबला. नसता थांबला, तर वकील असलेल्या माझ्या भावाने भारतीय न्याय संहितेचे कलम 78 वाचून ठेवले होते. नको असल्याचे स्पष्ट सांगितल्यानंतरही पुरुषाने स्त्रीशी पुन्हा पुन्हा संपर्क साधणे त्यात गुन्हा मानले आहे. पार्क चौक यांची तिसरी खूण, म्हणजे स्वतःहून फोन करणे, मी पूर्ण बाद करणार नाही. फोन कोणत्या वेळी आला आणि त्यात माल होता की नव्हता, हे पाहावे.

साखर पेठ

हे पटले. आम्ही गिऱ्हाइकांना फोन करतो तो दुकान उघडे असताना आणि दुकानाच्या क्रमांकावरून. धागाकर्तीने तो क्रमांक कोणता आहे ते पाहावे.

भवानी पेठ

संबोधनाच्या खुणेवर फार भिस्त ठेवू नये, असे मला वाटते. आमच्या गल्लीतला एक दुकानदार प्रत्येकीला ताई म्हणायचा आणि सुट्टे पैसे देताना प्रत्येकीचा हातही धरायचा. ताई म्हटल्यामुळे तक्रार करायलाही बायका कचरत असत.

न्यायालयाजवळ

इतके कडू अनुभव वाचल्यानंतर एक वेगळा लिहावासा वाटतो. मी कायद्याचे शिक्षण घेत असताना न्यायालयाच्या जवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात माझे उधारीचे खाते होते. तो माणूस मला तीन वर्षे "मॅडम" म्हणत होता. त्याने कधी एक पान विनामूल्य काढून दिले नाही. उलट दोन्ही बाजूंनी छापायचे असेल तर किती पैसे वाचतील, हे तो हिशेब करून सांगायचा. मला तो थोडा रुक्षच वाटायचा.

शेवटची परीक्षा झाल्यावर मी खाते मिटवायला गेले. तीनशे सत्तर रुपये होते. त्याने पैसे घेतले, वहीतल्या माझ्या पानावर आडवी रेघ मारली, पान मला दाखवले आणि म्हणाला, "आता तुमचे येथे काही देणे नाही आणि यापुढे तुम्हाला या दुकानात यायचे कारणही नाही. म्हणून आज विचारतो. नाही म्हणालात तर शेजारी आणखी दोन दुकाने आहेत, तेथेही दर हाच आहे." मी विचार करायला वेळ मागितला. तीन आठवड्यांनी कंबर तलावाच्या काठी, माझी मैत्रीण बरोबर असताना, आम्ही प्रथम दुकानाबाहेर बोललो. लग्नाला आता नऊ वर्षे झाली.

नंतर मी त्याला विचारले की तीन वर्षांत एकही खूण का दिली नाही. तो म्हणाला की उधारी असताना खूण दिली असती, तर तुला नाही म्हणणे महाग पडले असते. जुन्या काउंटरवाल्या ताईंच्या त्या गोदामात पळणाऱ्या मुलाची गोष्ट वाचून मला हेच आठवले. ताई, त्या मुलाचे पुढे काय झाले?

नवी पेठ, जुनी काउंटरवाली

काही झाले नाही. त्या मुलीचे लग्न ठरले आणि बस्ता आमच्याच दुकानात बांधला गेला. त्या दिवशी तो रजेवर होता.

विजापूर रोड (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. मी काल जे केले ते लिहिते.

काल सोमवार होता. नेहमी दुपारी जाते, ती मुद्दाम सायंकाळी सातला गेले. माझ्यापुढे चार जण होते आणि मी बाजूच्या वजनकाट्याजवळ अशा रीतीने उभी राहिले की त्याला मी लगेच दिसू नये. पहिल्या आजी होत्या. त्यांच्याशी तो तेलुगूत बोलला, गुडघ्याचे विचारले आणि पाकिटावर सूर्य-चंद्र काढले. कोपऱ्यात हसरा चेहराही काढला. तो माझ्या डोळ्यांदेखत काढला, तेव्हा मला हसू आले आणि थोडे वाईटही वाटले, हे कबूल करते. त्यानंतरच्या गृहस्थांना इन्सुलिन हवे होते. त्यांनाही वर्तमानपत्र, बर्फ आणि "गोठले तर टाकूनच द्यावे लागेल" हे वाक्य शब्दशः मिळाले. घरी येऊन क्रमांकही पाहिला. आजवरचे सर्व फोन दुकानाच्या क्रमांकावरून आणि सकाळी दहा ते रात्री आठ यांच्या दरम्यानचे आहेत.

म्हणजे साखर पेठ यांचे म्हणणे जवळजवळ पूर्ण खरे ठरले. बहिणीला मी तसे सांगितलेही.

एक गोष्ट मात्र राहिली. माझ्यापुढच्या दोन्ही बायका माझ्याच वयाच्या होत्या. एकीला तो "ताई, पाणी भरपूर प्या" म्हणाला आणि दुसरीला "ताई, हे जेवणानंतर" म्हणाला. मग माझी पाळी आली. त्याने मला पाहिले, हातातले पेन खाली ठेवले, पुन्हा उचलले आणि म्हणाला, "आज सायंकाळी?" त्यापुढे ताई नव्हते, मॅडमही नव्हते. मी घरी येताना गेल्या वर्षभरातले त्याचे बोलणे आठवून पाहिले. वडिलांना तो काका म्हणतो, बहीण एकदा आली होती तिला ताई म्हणाला होता. मला त्याने आजवर कोणत्याही शब्दाने हाक मारलेली नाही.

आणि काल त्याने झोपेच्या गोळीची एक पट्टी कमी दिली. आम्ही दोघेही ते पाहायला विसरलो. रात्री आठला दुकानाच्या क्रमांकावरून फोन आला, पण बोलत होते मालक. उरलेली पट्टी उद्या घेऊन जा, असे त्यांनी सांगितले. आज बहिणीला पाठवावे की स्वतः जावे, हे अजून ठरवलेले नाही.